निर्णय घेण्यात आला, की ठरवले? कार्यालयीन मराठीतील नामजड वाक्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्यालयांत पत्रे आणि टिप्पण्या लिहिणारे लिपिक, ग्रामपंचायतींचे कर्मचारी, गृहनिर्माण संस्थांचे सचिव आणि स्वतःचे अर्ज स्वतः लिहिणारे नागरिक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे स्वतंत्रपणे वाचता येतील अशी ठेवली आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. नमुन्याची पत्रे समजावण्यासाठी रचलेली आहेत.

१. नामजड वाक्य म्हणजे काय, आणि ते ओळखायचे कसे?

वाक्यातली खरी क्रिया क्रियापदात न राहता एखाद्या नामात जाऊन बसते आणि क्रियापदाच्या जागी करणे, घेणे, देणे, येणे असे अर्थाने हलके क्रियापद उरते, तेव्हा ते वाक्य नामजड होते. "अर्जाची तपासणी करण्यात आली" या वाक्यात घडलेली गोष्ट आहे तपासणे, पण क्रियापदाच्या जागी आहे "करण्यात आली". ओळखण्याची सोपी रीत अशी, की वाक्याचा शेवट झाकून न ठेवता उलट फक्त शेवटच वाचावा. "करण्यात आली" एवढेच वाचून काय झाले हे कळत नाही, तर "तपासला" एवढेच वाचूनही बरेच कळते.

दुसरी खूण म्हणजे चा-ची-चे यांची माळ. "मालमत्ता कराच्या आकारणीच्या फेरतपासणीच्या मागणीच्या अर्जावर" असे लिहिले गेले, की प्रत्येक "च्या"मागे एक दडपलेले क्रियापद आहे असे समजावे. कर आकारला, तो पुन्हा तपासावा, असे कोणी तरी मागितले, आणि त्यासाठी अर्ज केला, अशा चार घटना तेथे एका ओळीत कोंबल्या आहेत.

२. पण मराठीत बहुतेक क्रिया नामाला "करणे" जोडूनच होतात. मग "निर्णय घेणे" यात वावगे काय?

ही शंका रास्त आहे आणि इंग्रजीतल्या सोप्या लेखनाचे नियम जसेच्या तसे मराठीला लावणाऱ्यांनी ती मनावर घेतली पाहिजे. मदत करणे, अभ्यास करणे, काम करणे, चौकशी करणे, फोन करणे ही मराठीची नेहमीची क्रियापदेच आहेत. त्यांना एकशब्दी पर्याय नाही, आणि शोधून काढला तर तो कृत्रिम वाटेल. "खरेदी करणे" याऐवजी कोणी "खरेदणे" लिहू लागले, तर वाचणारा थबकेल. म्हणून नाम अधिक "करणे" ही जोडी दिसली की तोडा, असा नियम मराठीत चालत नाही.

चालणारी कसोटी वेगळी आहे. तीच गोष्ट आपण घरी किंवा चहाच्या टपरीवर सांगताना कोणते क्रियापद वापरतो, हे आठवावे. "शेजाऱ्याला मदत केली" असेच आपण घरीही म्हणतो, म्हणून ते ठेवावे. "दिव्यांची विक्री केली" असे मात्र कोणी म्हणत नाही, "दिवे विकले" म्हणतो. "यंदा गावाला न जाण्याचा निर्णय घेतला" हे पूर्वी फक्त कागदावर असे, आता बोलण्यातही ऐकू येते, आणि एकट्याने आले तर ते फारसे खटकतही नाही. खरी अडचण त्याच्यापुढे थर चढत जातात तेव्हा सुरू होते: "निर्णय घेतला", मग "निर्णय घेण्यात आला", मग "निर्णय घेण्याबाबत कार्यवाही करण्यात येत आहे". पहिल्या पायरीवर थोडे वजन वाढते. तिसऱ्या पायरीपर्यंत कोणी काही ठरवले आहे की नाही, हेच कळेनासे होते.

३. कोणत्या जोड्या विचार न करता बदलता येतात?

विचार न करता कोणतीच बदलू नये, पण काही जोड्यांत धोका जवळजवळ नसतो. तपासणी करणे याचे तपासणे, निवड करणे याचे निवडणे, नियुक्ती करणे याचे नेमणे, स्वीकार करणे याचे स्वीकारणे, भरणा करणे याचे भरणे, वाढ करणे याचे वाढवणे, उभारणी करणे याचे उभारणे, वाटप करणे याचे वाटणे. अवगत करणे आणि सूचित करणे या दोघांचे बहुतेक वेळा कळवणे होते. यांतली नामे मुळात त्याच क्रियेची आहेत किंवा तिच्या इतकी जवळ आहेत, की अर्थ सरकत नाही.

"निर्णय घेणे" याबाबतीत आणखी एक पायरी उतरता येते. "समितीने मुदत वाढवण्याचा निर्णय घेतला" याचे "समितीने मुदत वाढवण्याचे ठरवले" होते, हे खरे. पण मुदत प्रत्यक्षात वाढलीच असेल, तर "समितीने मुदत वाढवली" एवढेच पुरते. नुसते ठरले आहे आणि आदेश निघायचा आहे, अशी स्थिती असेल तेव्हाच "ठरवले" लिहावे. नामजड वाक्यात हा फरक झाकला जातो. क्रियापद निवडायला बसलो, की तो समोर येतो.

४. "करण्यात येत आहे" हे रूप इतके का टोचते? ते तर सगळीकडे आहे.

सगळीकडे आहे, कारण शासनव्यवहाराची आजची मराठी बऱ्याच अंशी इंग्रजी मसुद्यांच्या अनुवादातून घडली. १९६० साली राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६४ मध्ये महाराष्ट्र राजभाषा अधिनियम आला. त्या काळात हजारो इंग्रजी नमुन्यांना मराठी रूप देणे हे प्रचंड काम होते. इंग्रजीतल्या "इज हिअरबाय सँक्शन्ड" याला "याद्वारे मंजुरी देण्यात येत आहे" हे उत्तर सापडले आणि ते साच्यासारखे टिकले. त्याआधीचा पत्रव्यवहार मराठीत नव्हता असे नाही. जुन्या मोडी पत्रांचा शेवट "जाणिजे", "बहुत काय लिहिणे" असा क्रियापदांवर होतो.

या रूपाची घडण पाहिली तर टोचण्याचे कारण कळते. "करणे" या क्रियापदाचे नाम केले, त्याला "त" हा प्रत्यय लावला, आणि पुढे "येणे" जोडले. रोजच्या बोलण्यातही अशी रचना आहे, पण ती कुठे येते ते पाहा: "माझ्या ऐकण्यात आले", "परवा पाहण्यात आले". आपण मुद्दाम न करता जे आपल्यापाशी आपसूक येते, त्यासाठी मराठी ही रचना वापरते. तीच छटा "रक्कम कापण्यात आली आहे" या वाक्यात उतरते. कापणारा कोणी नाही, कापले जाणे आपोआप चालत आले, असे वाटू लागते. वाचणाऱ्याला नेमका कापणाराच हवा असतो, कारण त्याला त्याच्याकडे जायचे असते.

५. इंग्रजीत कर्मणी प्रयोग टाळा म्हणतात. मराठीतही टाळायचा का?

नाही. हा सल्ला मराठीत लावला तर भूतकाळातली निम्मी वाक्ये लिहिताच येणार नाहीत. "लिपिकाने अर्ज तपासला" हा कर्मणी प्रयोगच आहे. क्रियापद अर्जाप्रमाणे चालते, आणि तरीही करणारा "ने" लावून ठळकपणे उभा आहे. मराठीत दोष प्रयोगात नसून कर्ता गाळण्यात आहे. "लिपिकाने" हा शब्द गाळून "अर्ज तपासला" एवढेच लिहिले, तर वाचणारा लगेच विचारतो, कोणी? "अर्जाची तपासणी करण्यात आली" असे लिहिले, तर हा प्रश्न त्याच्या मनातही येत नाही.

६. मग कर्ता म्हणून काय लिहायचे? मी, आम्ही, हे कार्यालय, की शासन?

ज्याच्याकडे ते काम किंवा तो अधिकार आहे, त्याचे पदनाम लिहावे. पत्रावर सही करणाऱ्याने स्वतः केलेल्या कामासाठी "मी" लिहायला हरकत नाही. पुष्कळांना हे धाडस वाटते, पण अधिकारी जेव्हा कायद्याने मिळालेला अधिकार वापरून आदेश काढतात, तेव्हा त्या आदेशात "मी, तहसीलदार, मला प्राप्त झालेल्या अधिकारांनुसार आदेश देतो" अशीच भाषा असते. सर्वांत औपचारिक कागदावर "मी" चालतो, तर साध्या पत्रात तो अनौपचारिक कसा ठरेल?

अनेकांनी मिळून केलेल्या कामासाठी "या कार्यालयाने" हे चांगले आहे. "शासन" हा शब्द शासन निर्णयापुरता ठेवावा. तालुक्याच्या पातळीवरच्या पत्रात "शासन" लिहिले, तर अर्जदार मंत्रालयाकडे बघत बसतो.

कर्ता "कडून", "मार्फत", "द्वारे" लावून वाक्याच्या कडेला ठेवण्याची सवयही सोडावी. "तलाठ्यांकडून पंचनामा करण्यात येईल" याचे "तलाठी पंचनामा करतील" होते. येथे "पंचनामा" तसाच ठेवला आहे, त्याचे कारण प्रश्न ८ मध्ये आहे.

७. एखादे खरे वाटेल असे पत्र घेऊन सगळी प्रक्रिया दाखवाल का?

गटाराच्या चेंबरचे झाकण तुटल्याची तक्रार एका रहिवाशाने केली. तिला दिलेल्या उत्तराचा मसुदा असा होता:

"उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपल्या दि. २१ मे रोजीच्या तक्रार अर्जाच्या अनुषंगाने सदर ठिकाणची स्थळपाहणी करण्यात आलेली असून, प्राप्त अहवालाच्या आधारे पुढील योग्य ती कार्यवाही करण्याबाबतचा निर्णय घेण्याची प्रक्रिया सुरू करण्यात आलेली आहे."

वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे. ते सुधारताना आधी शब्द बदलायला बसू नये. प्रत्येक नामाखाली रेघ ओढावी आणि त्याच्या पोटात कोणते क्रियापद आहे, ते समासात लिहावे. स्थळपाहणी म्हणजे पाहिले. अहवाल म्हणजे लिहिले किंवा कळवले. कार्यवाही म्हणजे, या प्रकरणात, झाकण बदलणे किंवा दुसरे काही तरी. निर्णय म्हणजे ठरवणे. प्रक्रिया म्हणजे काहीच नाही, तो शब्द गळतो.

आता प्रत्येक क्रियापदाला त्याचे कर्ता, कर्म आणि काळ विचारावेत. कोणी पाहिले, कोणत्या तारखेला? काय दिसले? ठरवणार कोण, आणि त्यांच्यासमोर पर्याय कोणते आहेत? केव्हापर्यंत? येथे लिपिकाचे पेन थांबते, कारण यातले काहीही मसुद्यात नसते. नामजड वाक्य लिहायला ही माहिती लागली नव्हती. क्रियापद लिहायला मात्र लागते, आणि ती आणण्यासाठी खुर्चीतून उठून कनिष्ठ अभियंत्यांच्या टेबलापर्यंत जावे लागते.

माहिती आल्यावर पत्र असे झाले:

"आपला २१ मे रोजीचा अर्ज मिळाला. कनिष्ठ अभियंत्यांनी ४ जून रोजी जागा पाहिली. चेंबरचे झाकण तुटले आहे आणि आतील एक भिंत खचली आहे, त्यामुळे केवळ झाकण बदलून भागणार नाही, असे त्यांनी कळवले आहे. चेंबर नव्याने बांधण्याचे अंदाजपत्रक त्यांनी ७ जून रोजी उपअभियंत्यांकडे पाठवले असून, उपअभियंता त्यावर ३० जूनपर्यंत निर्णय देतील. तोपर्यंत चेंबरवर लोखंडी जाळी ठेवली आहे."

दुसरे पत्र पहिल्यापेक्षा लहान नाही. सोपे लिहिणे म्हणजे थोडक्यात लिहिणे असे समजणाऱ्यांनी याकडे लक्ष द्यावे. येथे माहिती वाढली, म्हणून शब्दही वाढले, आणि तरी वाचायला ते हलके झाले. जाळीचे वाक्य तर मूळ मसुद्यात कोणत्याही रूपात नव्हते. "३० जूनपर्यंत" असे लिहिल्यावर "आणि तोपर्यंत काय?" हा प्रश्न आपोआप पुढे आला, म्हणून ते आले. "निर्णय देतील" हे नाम अधिक क्रियापद मात्र मुद्दाम ठेवले. उपअभियंता अंदाजपत्रक मंजूर करतील, फेटाळतील किंवा त्रुटी काढून परत पाठवतील, आणि या तिन्ही शक्यतांना सामावणारे तेवढेच नेमके दुसरे क्रियापद येथे मिळत नाही.

८. नाम बदलले की अर्थच बदलतो, अशी ठिकाणे कोणती?

ही ठिकाणे पुष्कळ आहेत, आणि घाईने सोपे लिहिणारे येथेच फसतात. बदली करणे म्हणजे बदलणे नव्हे. "अधीक्षकांनी लिपिकाची बदली केली" आणि "अधीक्षकांनी लिपिक बदलला" यांत कर्मचाऱ्याच्या नोकरीचा फरक आहे. "नोंद घेणे" म्हणजे लक्षात ठेवणे, तर "नोंदवणे" म्हणजे वहीत लिहिणे. "सर्वांनी नोंद घ्यावी" याचे "सर्वांनी नोंदवावे" केले, तर लोक वही शोधू लागतील. "मागणी करणे" यात हक्काचा सूर आहे, "मागणे" यात नाही, म्हणून संघटनेच्या निवेदनात मागणीच हवी.

प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता या बांधकामाच्या कामातील दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि त्या वेगळ्या दृष्टीने, वेगळ्या कागदांवर दिल्या जातात. त्यांच्या जागी "साहेबांनी हो म्हटले" असे तर कोणी लिहिणार नाही, पण "काम मान्य केले" असेही लिहू नये. कोणती मान्यता, हे कळलेच पाहिजे.

जमिनीची मोजणी हे याचे सर्वांत चांगले उदाहरण. भूमी अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करून, शुल्क भरून, लगतच्या खातेदारांना नोटीस देऊन जी होते ती मोजणी. दोन भावांनी टेप धरून बांध मोजला, तर त्यांनी जमीन मोजली, मोजणी केली नाही. वादात पहिलीचा नकाशा पुढे करता येतो, दुसरीचा नाही.

हा भेद सरकारने निर्माण केलेला नाही, तो मराठीच्या हाडातच आहे. पत्र पाठवतात, पण मुलीची पाठवणी करतात. शेजाऱ्याशी बोलतात, पण लग्नाची बोलणी करतात. ज्या गोष्टीला स्वतःचा विधी आहे, ठरलेले टप्पे आहेत आणि पार पडल्यावर माणसांची स्थिती बदलते, तिला मराठी नाम देते. पंचनामा, लिलाव, मोजणी, बदली, निलंबन ही कार्यालयातली त्याच जातीची नामे आहेत, म्हणून ती ठेवावीत. अर्ज वाचणे, रक्कम भरणे, कागद पाठवणे यांना असा विधी नाही, म्हणून तेथे "वाचन", "भरणा" आणि "प्रेषण" नकोत. संशयाच्या वेळी मी हीच कसोटी लावतो, आणि तिने मला क्वचितच दगा दिला आहे.

९. "कार्यवाही" आणि "कारवाई" यांपैकी कोणता शब्द टाळायचा?

दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. कारवाई दोषी माणसावर होते, कार्यवाही कागदावर किंवा प्रकरणावर होते. "अर्जावर कारवाई केली" असे छापून आले, की अर्जदाराच्या पोटात गोळा येतो.

कारवाई हा शब्द निरुपद्रवी आहे, फक्त कोणती ते सांगावे: दंड केला, परवाना रद्द केला, नोटीस दिली. कार्यवाही हा शब्द मात्र बहुधा तेव्हा येतो, जेव्हा लिहिणाऱ्याला पुढे काय होणार हे माहीत नसते. "आवश्यक ती कार्यवाही करावी" अशा शेऱ्याचे पत्र खालच्या कार्यालयात गेले, की तेथील लिपिक तेच वाक्य लिहून ते आणखी खाली पाठवतो. तीन कार्यालयांतून फिरून आलेल्या धारिकेत हेच वाक्य तीन सह्यांनिशी मी पाहिले आहे, आणि काम जेथे होते तेथेच होते. "१५ दिवसांत जागा पाहून अहवाल पाठवावा" असे लिहिले असते, तर ते असे खाली सरकवता आले नसते.

१०. क्रियापद वापरायला गेलो, की लिंग-वचनाचा घोळ होतो. नाम वापरणे सुरक्षित नाही का?

नामजड रचना टिकून राहण्याचे हे एक खरे कारण आहे, आणि ते फारसे कोणी बोलून दाखवत नाही. "अर्ज, पावती आणि प्रमाणपत्र यांची तपासणी केली" या वाक्यात क्रियापद "तपासणी"प्रमाणे चालते, त्यामुळे आधी दहा वस्तू आल्या तरी "केली" पक्के. "अर्ज, पावती आणि प्रमाणपत्र" यांच्यानंतर मात्र तपासला, तपासली, की तपासले, असा प्रश्न पडतो, कारण एक पुल्लिंगी, एक स्त्रीलिंगी आणि एक नपुंसकलिंगी आहे.

सुटका सोपी आहे. यादी आधी द्यावी आणि मग एक सर्वसमावेशक नाम आणावे: "अर्ज, पावती आणि प्रमाणपत्र ही तिन्ही कागदपत्रे तपासली." क्रियापदाला जुळायला एकच शब्द मिळतो आणि वाचणाऱ्याला मोजता येते.

विशेषणांचाही असाच एक अडथळा येतो. "सखोल तपासणी" हे जमते, "सखोल तपासले" जमत नाही. तेथे "बारकाईने तपासले" म्हणावे, किंवा त्याहून चांगले म्हणजे काय काय तपासले ते सांगावे. "मूळ प्रतींशी ताडून पाहिले" असे वाचल्यावर सखोलपणा वेगळा सांगावा लागत नाही.

११. करणारा खरोखरच महत्त्वाचा नसेल, किंवा सांगायचा नसेल, तर?

महत्त्वाचा नसेल तेव्हा कर्ता शोधत बसू नये. मराठीत अशा वेळी "करण्यात येईल"कडे जाण्याची गरज नसते, कारण भाषेत अकर्मक क्रियापदांचा मोठा साठा आहे. "रस्ता वाहतुकीसाठी बंद ठेवण्यात येईल" याचे "रस्ता बंद राहील" होते. "सभेचे आयोजन करण्यात आले आहे" याचे "सभा होईल" किंवा "सभा भरेल". "पाणीपुरवठा कमी दाबाने करण्यात येईल" याचे "पाणी कमी दाबाने येईल". यांत कर्ता दडलेला नाही, तो नाहीच. रस्ता कोण बंद ठेवणार याच्याशी वाहनचालकाला देणेघेणे नसते, त्याला किती वाजेपर्यंत बंद आहे ते हवे असते.

कर्ता सांगायचाच नसेल, तर गोष्ट वेगळी. तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवायचे असेल, तर "या कार्यालयाला तक्रार मिळाली" हे साधे आणि पुरेसे वाक्य आहे. स्वतःची चूक झाकण्यासाठी कर्ता गाळला जात असेल, तर वाचणाऱ्याला ते बहुधा कळतेच. "अनवधानाने चुकीची रक्कम नमूद करण्यात आली" यापेक्षा "आम्ही चुकीची रक्कम लिहिली, बरोबर रक्कम अशी आहे" हे वाचून माणूस कमी चिडतो.

१२. नकार कळवतानाही क्रियापद वापरायचे का? ते फार तुटक वाटते.

नकार कळवताना तर वापरलेच पाहिजे. "आपली विनंती मान्य करण्यात आलेली नाही" हे वाक्य सौम्य वाटते, पण त्यात नाकारणारा नाही आणि कारणही नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार माहिती नाकारताना कारणे, अपिलाची मुदत आणि अपील कोणाकडे करायचे हे कळवावेच लागते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्येही अधिसूचित सेवांसाठी पदनिर्देशित अधिकारी, नियत कालमर्यादा आणि अपील प्राधिकारी ठरलेले असतात. या कायद्यांना कर्ता आणि काळ हवाच आहे, मग वाक्यात तो का नसावा? "रहिवासाचा पुरावा जोडलेला नसल्यामुळे मी आपला अर्ज नाकारत आहे. या निर्णयावर आपल्याला अपील करता येईल" असे लिहून पुढे कोणाकडे आणि किती दिवसांत ते सांगावे. सौम्यता क्रियापद लपवून येत नाही, ती कारण नीट सांगण्यातून येते.

१३. वरिष्ठांना लिहिताना "करण्यात यावे" न म्हणता "करावे" म्हटले, तर उद्धट वाटेल का?

"करावे" हे रूप मुळातच आदराचे आहे, "करा" नव्हे. "मंजुरी देण्यात यावी, ही विनंती" याऐवजी "मंजुरी द्यावी, ही विनंती" लिहिल्याने अदब कमी होत नाही. टिप्पणीच्या शेवटी येणारे "आदेशार्थ सादर", "मान्यतेस्तव सादर" हे ठरलेले, दोन शब्दांचे शेरे आहेत. ते कोणाला अडत नाहीत, म्हणून त्यांना हात लावू नये. त्याच्या वरच्या परिच्छेदांत मात्र साहेबांनी नेमके काय ठरवायचे आहे, ते क्रियापदात लिहावे.

१४. मसुदा सोपा केला, तर साहेब पुन्हा जुनी भाषा घालून परत पाठवतात. काय करावे?

सगळा मसुदा एकदम बदलू नये. विषय, संदर्भ, शेवटचा शेरा आणि कायद्यातले शब्द जसेच्या तसे ठेवून, फक्त नागरिकाला काय करायचे आहे आणि कार्यालय काय करणार आहे, एवढी दोनच वाक्ये क्रियापदांची करावीत. विषयाच्या ओळीतले "नळजोडणी मिळण्याबाबत" हे नामजडच आहे, पण ती ओळ धारिका शोधण्यासाठी असते, वाचून कृती करण्यासाठी नव्हे, म्हणून तिच्यावर भांडू नये. साहेबांनी तरीही वाक्य बदलले, तर त्यात कोणता अर्थ जपला जातो ते विचारावे. कधी कधी खरोखरच जपला जात असतो (प्रश्न ८), आणि मग आपल्यालाच शिकायला मिळते.

१५. नागरिकांनी अर्ज लिहितानाही हे पाळायचे का?

पाळल्यास अर्जदाराचाच फायदा आहे. "माझ्या अर्जाबाबत योग्य तो निर्णय घेण्यात यावा" असे लिहिले, तर "निर्णय घेण्यात येईल" एवढेच उत्तर येऊ शकते. "माझे नाव मालमत्ता नोंदवहीत चढवावे. त्यासाठी खरेदीखताची प्रत जोडली आहे" असे लिहिले, तर उत्तर देणाऱ्याला नाव चढवले की नाही, हे सांगावेच लागते.

१६. लांब मसुद्यात ही वाक्ये पटकन शोधायची कशी?

शब्द शोधण्याच्या चौकटीत आधी "ण्यात ये", मग "ण्यात या" आणि नंतर "ण्यात आ" टाकून पाहावे. साध्या मजकुराची फाइल असेल, तर ही आज्ञा ओळींच्या क्रमांकांसह सगळी ठिकाणे दाखवते:

```
grep -nE 'ण्यात (ये|या|आ)' masuda.txt
```

नुसते "ण्यात" शोधू नये, नाही तर "पाण्यात" आणि "नाण्यात" हेही सापडतील. पाणीपुरवठा विभागाच्या पत्रात हा अनुभव हमखास येतो, आणि "पाण्यात आढळले" तर वरच्या आज्ञेतही निसटून येते. यानंतर "बाबतच" शोधावे, म्हणजे "करण्याबाबतचा", "घेण्याबाबतची" ही मंडळी हाती लागतात. सापडलेले प्रत्येक ठिकाण बदलायचेच असते असे नाही. तेथे थांबून कोणी, काय आणि केव्हा एवढे विचारायचे असते.